पुरळ नाही, कावीळ नाही, तरी अंगभर खाज: ठाण्यातलं एक प्रकरण

एक बाई, वय 49, वजन 62 किलो. राहायला कळवा, काम नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्रात. पाच महिन्यांपासून अंगभर खाज, पण डॉक्टरांना दाखवावं असं अंगावर काहीच नाही. (हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांमध्ये जे क्रमाने घडतं ते एका जागी दाखवता यावं म्हणून जुळवलेलं आहे. तपासण्यांचे आकडे मात्र अशा आजारात प्रत्यक्ष दिसतात तसेच ठेवलेत.)

पाच महिन्यांत काय काय झालं होतं ते आधी पाहू. सुरुवातीला घरच्यांनी ठरवलं की ही उष्णता. दिवसभर शेगडीपुढे उभं राहायचं, घाम, पिठाची धूळ, त्यामुळे हे कुणालाही पटण्यासारखं होतं. सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी झालं. मग जवळच्या दवाखान्यातून खरूज समजून परमेथ्रिन क्रीम मिळालं. ते बाईंनी आणि घरातल्या सगळ्यांनी दोनदा लावलं. त्यानंतर मेडिकलमधून तीन औषधांचं मिश्रण असलेलं, स्टेरॉइडवालं मलम आलं. शेजारणीच्या सांगण्यावरून ‘रक्तशुद्धी’चा काढा सुरू झाला. या सगळ्याच्या जोडीला रोज रात्री लेव्होसेट्रिझिनची एक गोळी. तिने झोप लागायची, म्हणून गोळी लागू पडते असं वाटत राहिलं. खाज तिथेच होती.

चौथ्या महिन्यात रक्त तपासलं. कागदावर दोनच ओळी होत्या: बिलिरुबिन 0.8, एसजीपीटी 58. बिलिरुबिन ठीक म्हणून ‘कावीळ नाही, लिव्हर थोडं फॅटी असेल’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं गेलं. प्रकरण अडलं ते इथे. खाजेच्या रुग्णाला बिलिरुबिनपेक्षा ज्या तपासणीची जास्त गरज असते ती या कागदावर नव्हतीच.

कातडी बघताना

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पुरळाचा नव्हता.

“ताई, खाज सुरू कुठून होते?”

“तळपायाला मॅडम. मग तळहात. रात्री आडवी झाले की जास्तच. मी उठून न्हाणीघराच्या गार लादीवर पाय ठेवून उभी राहते.”

“खाजवल्यावर बरं वाटतं?”

“नाही ना. रक्त येईस्तोवर खाजवलं तरी आत राहतेच.”

या तीन उत्तरांनी दिशा ठरू लागते. तळहात-तळपायांपासून सुरुवात, संध्याकाळनंतर वाढ आणि खाजवूनही न मिळणारं समाधान ही यकृतातलं पित्त तुंबल्यामुळे येणाऱ्या खाजेची ठेवण आहे. फक्त यावर निदान करता येत नाही, पण कोणती तपासणी आधी करायची ते कळतं.

‘पुरळ नाही’ असं म्हणण्याआधी मात्र कातडी नीट बघायला हवी, आणि चांगल्या उजेडात. पाच महिने खाजवलेल्या अंगावर काहीतरी दिसतंच: ओरखडे, खपल्या, काळपट डाग, जाड झालेली कातडी. हे खाजेमुळे झालंय की खाज त्यामुळे होतेय, हा खरा प्रश्न. पाठीचा मधला भाग त्याचं उत्तर देतो. या बाईंच्या दंडांवर, पोटऱ्यांवर, कमरेवर ओरखडेच ओरखडे होते, पण दोन फऱ्यांच्या मधला, हात न पोचणारा पट्टा स्वच्छ होता. मूळ त्वचारोग हात पोचतो की नाही ते बघून उठत नाही. नखंही पाहिली. सतत चोळल्याने ती पॉलिश केल्यासारखी चकचकीत झाली होती.

खरूज पुन्हा एकदा नीट वगळली. बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवती, स्तनांखाली कुठेही बारीक नागमोडी रेघा नव्हत्या आणि घरात दुसऱ्या कुणालाही खाज नव्हती. स्टेरॉइड मलम लावलेल्या माणसात खरूज आणि नायटा दोन्ही आपलं रूप लपवतात, म्हणून मलम बंद करून दोन आठवड्यांनी परत बघायचं ठरलं. बोथट काडीने पाठीवर रेघ ओढून पाच-दहा मिनिटं थांबले. तिथे गांध उठली असती तर विचार अंगावर पित्त उठण्याच्या प्रकाराकडे वळला असता. उठली नाही.

राहिली कोरडी कातडी. पुरळ नसलेल्या खाजेचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, साठीपुढे तर फारच. पण इथे पोटऱ्यांवर पांढरे कोंडेदार सल नव्हते. तरीही साबण फक्त काखा-जांघांपुरता आणि अंघोळीनंतर ओल्या अंगावर जाडसर मॉइश्चरायझर, हे त्याच दिवशी सुरू केलं. तेवढ्याने दोन आठवड्यांत बरं वाटलं तर पुढच्या अर्ध्या तपासण्या वाचतात. बाईंना फरक पडला नाही.

औषधांची पिशवी

खाज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की ती जुनाट म्हणतात, आणि त्यात रक्त काढण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगावी. नुसतं ‘काही गोळ्या चालू आहेत का’ विचारलं तर लोक काढा, चूर्ण, मेडिकलमधून घेतलेली अँटिबायोटिक मोजतच नाहीत. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड हे त्यातलं फसवं औषध. ते संपून काही आठवडे झाल्यावरही पित्त तुंबून खाज येऊ शकते, आणि तोवर रुग्ण ती गोळी विसरलेला असतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि जिममध्ये मिळणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइडं हीदेखील याच यादीतली.

या बाईंच्या पिशवीत गेल्या सहा महिन्यांतलं कुठलंच अँटिबायोटिक नव्हतं. काढ्यात गुळवेल होती. ही बाब हलक्यात घेऊ नये. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत. पण इथे तारखा जुळत नव्हत्या. खाज नवरात्राच्या सुमारास सुरू झाली आणि काढा दिवाळीनंतर. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढी साधी गोष्ट कागदावर तारखा मांडल्याशिवाय दिसत नाही. काढा तरीही बंद केला, कारण यकृताचे आकडे वाचताना त्याची भेसळ नको होती.

कागदावर तीन संशयित

आता पूर्ण रक्ततपासणी झाली. ठाण्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये एका वेळच्या रक्तात हे सगळं होतं: रक्तपेशींची गणना, लिव्हरची पूर्ण तपासणी, क्रिएटिनिन, साखर, टीएसएच, फेरिटिन. एसजीपीटी आधीसारखंच थोडं चढलेलं, 62, होतं. त्याशिवाय रिपोर्टमध्ये लाल अक्षरात तीन गोष्टी आल्या, आणि सोनोग्राफीत चौथी.

क्रिएटिनिन 1.1. टीएसएच 6.4. अल्कलाइन फॉस्फटेज 386, लॅबची वरची मर्यादा 120. सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’.

अशा वेळी घाई करणारा माणूस पहिल्या लाल आकड्यावर थांबतो. विचारायला हवं ते असं: हा आकडा बिघडलेला आहे, पण अंगभर खाज आणण्याइतका बिघडलेला आहे का?

मूत्रपिंडापासून सुरू करू. मूत्रपिंडाच्या आजारात खाज येते, भयंकर येते, पण ती प्रामुख्याने आजार पुढे गेल्यावर, म्हणजे डायलिसिसवर असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांना. क्रिएटिनिनच्या आकड्यावरून वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढतात. या बाईंचा तो 62 च्या आसपास निघाला. 90 च्या वर असला तर उत्तम मानतात, 15 च्या खाली गेला की मूत्रपिंड निकामी. 62 वर खाज येत नाही. शिवाय बाई पहाटेपासून दुपारपर्यंत शेगडीपुढे उभ्या, आणि केंद्रात स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी टाळायच्या. हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. आठवडाभर नीट पाणी पिऊन पुन्हा तपासल्यावर क्रिएटिनिन 0.9 आलं आणि लघवीतून प्रथिनं जात नव्हती. मूत्रपिंडाचा प्रश्न मिटला.

डायलिसिसवरच्या माणसाला खाज असती तर विचार वेगळा झाला असता. डायलिसिस पुरेसं होतंय का, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक किती चढलंय, हे आधी बघतात. मग गाबापेंटिन अगदी कमी मात्रेत, म्हणजे 100 मिग्रॅ, डायलिसिस झाल्यावर देतात. नेहमीच्या मात्रेत दिलं तर ते शरीरात साचतं आणि रुग्ण गुंगीत जातो.

थायरॉइडची गोष्ट जरा गुंतागुंतीची. थेट खाज आणतं ते वाढलेलं थायरॉइड: कातडी गरम, ओलसर, हाताला कंप, धडधड, वजनात घट, टीएसएच जवळपास शून्य. कमी झालेल्या थायरॉइडमध्ये खाज येते ती कातडी कोरडी पडल्यामुळे, आणि तेवढी कोरडी पडायला थायरॉइड बऱ्यापैकी कमी व्हावं लागतं. इथे टीएसएच 6.4, पण फ्री टी-4 नॉर्मल. म्हणजे थायरॉइड थोडं जोर लावून का होईना, काम पूर्ण करत होतं. कातडीही कोरडी नव्हती. त्यामुळे ‘थायरॉइड निघालं, गोळी सुरू करा, खाज जाईल’ हे इथे खोटं आश्वासन ठरलं असतं. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं तेवढी तपासली आणि ती पॉझिटिव्ह आली. ही बाब बाजूला लिहून ठेवली, कारण ती पुढे उपयोगी पडणार होती.

फॅटी लिव्हरबद्दल थोडक्यात. ते हल्ली इतक्या सोनोग्राफींमध्ये दिसतं की शेजारी दुसरं काहीही चालू असू शकतं. ग्रेड 1 ने खाज येत नाही.

उरलं अल्कलाइन फॉस्फटेज.

386 चा अर्थ

अल्कलाइन फॉस्फटेज यकृतातल्या पित्तनलिकांच्या अस्तरातून येतं, तसंच हाडांतूनही येतं. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये आणि गरोदरपणात ते आपोआप वाढलेलं असतं. रजोनिवृत्तीच्या वयातल्या बाईचं हाडांतून आलेलं असू शकतं, म्हणून जोडीला जीजीटी बघतात. जीजीटी हाडांतून येत नाही. या बाईंचं जीजीटी 290 होतं, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पट. त्या दारू घेत नाहीत आणि जीजीटी वाढवणारी फिटची औषधंही चालू नव्हती. तेव्हा वाढलेलं फॉस्फटेज यकृताचंच.

यकृताच्या पेशी मरताहेत की पित्ताचा प्रवाह अडलाय, हे एका साध्या भागाकाराने कळतं. यकृताच्या पेशींतून येणारं एसजीपीटी आपल्या वरच्या मर्यादेच्या किती पट आणि अल्कलाइन फॉस्फटेज आपल्या मर्यादेच्या किती पट, हे काढून पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. एसजीपीटी 62 भागिले 40, म्हणजे साधारण 1.5 पट. फॉस्फटेज 386 भागिले 120, म्हणजे 3.2 पट. 1.5 ला 3.2 ने भागलं की अर्ध्याहूनही कमी येतं. उत्तर 5 च्या वर आलं तर पेशींची इजा (हिपॅटायटिससारखी), 2 च्या खाली आलं तर पित्ताची अडवणूक, मधलं आलं तर मिश्र. इथे शंकेला जागा नव्हती.

मग बिलिरुबिन 0.8 कसं? पित्तात बिलिरुबिन असतं तशी पित्ताम्लं असतात, आणि खाज आणणारी इतर द्रव्यंही. यकृतात बिलिरुबिन बाहेर टाकण्याची ताकद गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते. थोड्या नलिका खराब झाल्या तरी उरलेल्या तेवढं काम निभावून नेतात. त्यामुळे डोळे पिवळे व्हायच्या महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं आधी खाज सुरू होऊ शकते. खाज नेमकी कशाने होते यावर अजून एकमत नाही. पित्ताम्लं आणि लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड नावाचं द्रव्य यांवर संशय आहे. एवढं मात्र नक्की की यात हिस्टामिनचा, म्हणजे लेव्होसेट्रिझिन ज्याला अडवतं त्या द्रव्याचा, भाग फारसा नाही. लेव्होसेट्रिझिनने झोप यायची पण खाज जायची नाही, त्याचं कारण हेच.

अडथळा कुठे?

पित्त दोन ठिकाणी अडतं: यकृताबाहेरच्या मोठ्या नलिकेत किंवा आतल्या बारीक नलिकांत. सोनोग्राफीचा खरा उपयोग हे सांगण्याचा. रिपोर्टच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असतं, पण वाचायची ओळ वर असते. मुख्य पित्तनलिकेची रुंदी इथे 4 मिमी होती, यकृतातल्या नलिका फुगलेल्या नव्हत्या आणि पित्ताशयात खडे नव्हते. मोठी नलिका फुगलेली असती तर पुढची पायरी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, आणि सोबत वजन घटत असतं किंवा शौचाचा रंग मातकट-पांढरा झाला असता तर तेही त्याच आठवड्यात. स्वादुपिंडाच्या डोक्यावरची गाठ अशी समोर येते.

बाहेरचा रस्ता मोकळा, औषधाचं कारण नाही, मध्यमवयीन बाई, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं पॉझिटिव्ह. आता एकच तपासणी मागवायची होती: अँटी-मायटोकॉन्ड्रियल अँटिबॉडी, म्हणजे एएमए. ती 1:160 ला पॉझिटिव्ह आली. निदान झालं प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, थोडक्यात पीबीसी. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर हल्ला करते. फॉस्फटेज टिकून वाढलेलं, एएमए पॉझिटिव्ह आणि यकृताच्या तुकड्यात दिसणारे ठरावीक बदल, या तिन्हींपैकी दोन असले की निदान पक्कं धरतात. त्यामुळे इथे बायोप्सी लागली नाही. या रुग्णांपैकी सुमारे 90 ते 95 टक्क्यांमध्ये एएमए पॉझिटिव्ह असते. उरलेल्यांमध्ये इतर प्रतिपिंडं किंवा बायोप्सी लागते.

थायरॉइडचा धागाही इथे जुळतो. स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करणारे आजार अनेकदा एकटे येत नाहीत, आणि पीबीसीच्या रुग्णांमध्ये थायरॉइडचा तसा आजार बऱ्याचदा सापडतो. टीएसएचने खाज आणली नव्हती, पण खाज आणणाऱ्याचा तो सोबती होता.

या आजाराचं नाव 2015 पर्यंत ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’ होतं. ‘सिरॉसिस’ हा शब्द ऐकून लोक हादरत. दारूचा ठपका लागे तो वेगळाच, आणि बहुतेकांना तर निदानाच्या वेळी सिरॉसिस नसेच. जुन्या कागदांवर ते नाव दिसलं तर आजार हाच. या बाईंच्या फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा ताठरपणा 6.8 आला. या आजारात 9.6 च्या वर गेला तर काळजी वाढते.

उपचार, आणि पहिल्या तीन आठवड्यांतला घोळ

मुख्य औषध अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. मात्रा वजनावर ठरते: दिवसाला किलोमागे 13 ते 15 मिग्रॅ. 62 किलोला 806 ते 930, म्हणून 300 च्या तीन गोळ्या, एकूण 900. सर्रास 300 च्या दोन गोळ्यांवर भागवलं जातं आणि मग ‘औषध लागू पडलं नाही’ असं म्हटलं जातं. आधी वजन आणि मात्रा यांचा हिशोब बघावा.

हे औषध आजाराची चाल मंदावतं. खाज मात्र त्याने जाईलच असं नाही, आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली नाही तर रुग्ण महिन्याभरात गोळ्या सोडतो. खाजेसाठी कोलेस्टिरामिन दिलं: 4 ग्रॅमची पुडी पाण्यात किंवा फळाच्या रसात नीट ढवळून. कोरडी पूड तोंडात टाकायची नाही. ती आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त पहिल्या खाण्याबरोबर उतरतं, म्हणून पुडी न्याहारीच्या आसपास घेतली तर सगळ्यात जास्त उपयोग.

तीन आठवड्यांनी बाई आल्या त्या वैतागून. खाज तसूभर कमी नव्हती. गोळ्या आणि पुडी कशा घेता हे करून दाखवायला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. पहाटे पाचला घर सोडायचं म्हणून त्या सकाळची गोळी आणि पुडी एकाच पेल्यात उरकत होत्या. पुडी पित्ताम्लांना धरते, आणि अर्सो हेही पित्ताम्लच. औषधाने औषध धरलं आणि दोन्ही वाया. वर पहाटे पाचला त्या नुसता चहा घेत, खरं खाणं साडेनऊला.

वेळापत्रक त्यांच्या दिवसाप्रमाणे बदललं. पुडी साडेनऊच्या न्याहारीच्या आधी, केंद्रातच. अर्सोची एक गोळी दुपारी तीनला, जेवण उरकल्यावर, आणि दोन रात्री जेवणानंतर. पुडीनंतर निदान चार तास, जमलं तर सहा तास दुसरं कुठलंही औषध नाही. घ्यायचंच असेल तर पुडीच्या तासभर आधी. हा नियम थायरॉइडच्या गोळीला, रक्तदाबाच्या गोळीला, सगळ्यांनाच लागू.

पुढच्या महिन्यात खाज दहापैकी आठवरून पाचवर आली. पुड्या वाढवल्या तर बद्धकोष्ठता इतकी झाली की बाईंनी एकच पुडी चालेल असं ठरवलं. रात्रीची झोप अजून मोडत होती, म्हणून पुढची पायरी: रिफाम्पिसिन.

आपल्याकडे हे औषध देताना एक गोष्ट आधी करावी लागते, तिच्यावर पाश्चात्त्य पुस्तकांत एवढा भर सापडत नाही. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचं मुख्य औषध. लपलेला क्षय असताना ते एकटंच दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. म्हणून खोकला, ताप, वजन, घरातला क्षयाचा रुग्ण यांची चौकशी आणि छातीचा एक्सरे आधी. बाईंचा एक्सरे स्वच्छ होता. 150 मिग्रॅ दिवसातून एकदा सुरू केलं, दोन आठवड्यांनी रक्त तपासून दोनदा केलं. रिफाम्पिसिन स्वतःच यकृताला इजा करू शकतं, त्यामुळे सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतरही अधूनमधून तपासणी लागते. एसजीपीटी उसळलं किंवा बिलिरुबिन वाढलं तर बंद. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन आणि थायरॉइडची गोळी यांचा असरही ते कमी करतं.

लघवी नारिंगी होईल हे सांगायचं राहिलं तर काय होतं? तिसऱ्या दिवशी बाईंच्या मुलीचा फोन आला, “आईला कावीळ झाली.” लघवीचा फोटोही पाठवला होता. डोळ्यांचे पांढरे भाग पांढरेच होते, रंग औषधाचा होता. रिफाम्पिसिनने घाम आणि अश्रूही रंगतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या पिवळट होतात.

सहा आठवड्यांत खाज दोनवर आली. न आली असती तर नाल्ट्रेक्सोन किंवा सर्ट्रालिन, आणि आता अनेक ठिकाणी बेझाफायब्रेट, असा पुढचा क्रम होता. खाजेचा जोर आणि आजाराची अवस्था यांचा मेळ बसत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला असह्य खाज असू शकते, तर पुढे गेलेल्याला काहीच नसू शकते. त्यामुळे खाज गेली म्हणून अर्सो थांबवायचं नाही. ते आयुष्यभराचं आहे.

यकृत निर्दोष निघालं असतं तर

फॉस्फटेज आणि जीजीटी नॉर्मल आली असती तर शोध थांबला नसता. फेरिटिन कमी असलं तर हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाच्या कमतरतेने खाज येते आणि लोह भरून काढल्यावर ती जाते. अंघोळीनंतर, पाणी अंगाला लागल्यावर काही मिनिटांत टोचल्यासारखी खाज सुटत असेल आणि हिमोग्लोबिन जास्त असेल, तर पॉलिसायथेमिया व्हेराचा, म्हणजे रक्तपेशी गरजेपेक्षा जास्त तयार होण्याच्या आजाराचा, विचार करतात. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, घटतं वजन, मानेत किंवा काखेत गाठी असतील तर लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी, छातीचा एक्सरे आणि पुढचं सगळं लगेच. एचआयव्हीची तपासणीही या यादीत असावी, आणि ती लाजून टाळू नये.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना खाज सुटली तर मात्र ‘पोट ताणल्यामुळे’ म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून एसजीपीटी आणि रक्तातली पित्ताम्लं तपासायची. तिथे फॉस्फटेजवर विसंबता येत नाही, कारण वारेमुळे ते तसंही वाढलेलं असतं. पित्ताम्लं 100 च्या पुढे गेली तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपण कधी करायचं तो निर्णय त्यावर ठरतो.

वर्षानंतर

बारा महिन्यांनी बाईंचं अल्कलाइन फॉस्फटेज 168 होतं, म्हणजे मर्यादेच्या 1.4 पट, आणि बिलिरुबिन 0.7. वर्षभराच्या उपचारानंतर फॉस्फटेज दीडपटीच्या आत आणि बिलिरुबिन नॉर्मल असेल तर औषध चांगलं लागू पडलं असं मानतात. तसं नसतं तर अर्सोला दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागली असती. या आजारात हाडं लवकर विरळ होतात म्हणून डेक्सा स्कॅन झाला, कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व सुरू झालं. टीएसएच 7.1 वर गेलं, फ्री टी-4 अजून नॉर्मल, म्हणून थायरॉइडची गोळी अजूनही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे. केंद्राच्या शेजारच्या दुकानाशी बोलून त्यांनी स्वच्छतागृहाची सोय करून घेतली आणि क्रिएटिनिन 0.9 वर टिकलं आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीलाही गेल्या वर्षापासून थकवा जाणवतो. तिला फक्त अल्कलाइन फॉस्फटेज तपासून यायला सांगितलं आहे. ते वाढलेलं निघालं तरच एएमए.